पैसे बायकोच्या नावावर, कर नवऱ्याच्या डोक्यावर

मुदत ठेवीची पावती बायकोच्या नावावर, पॅन तिचा, व्याज तिच्या खात्यात. मग व्याजावरचा करही तिच्याच हिशेबात धरला जाणार, असं बऱ्याच घरांत गृहीत धरलेलं असतं. तिला दुसरं काही उत्पन्न नसलं तर कर शून्य, आणि विषय संपला. २०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही असं केल्यापासून तर या हिशेबाला जोरच आला. नवऱ्याने तीस टक्क्यांच्या टप्प्यात कर भरत बसण्यापेक्षा शिल्लक रक्कम बायकोच्या नावावर ठेव म्हणून ठेवली तर बिघडलं कुठे?

रक्कम देण्यात काहीच बिघडत नाही. पती-पत्नी हे प्राप्तिकर कायद्याच्या व्याख्येतले ‘नातेवाईक’, त्यामुळे एकमेकांना दिलेल्या रकमेवर कर नाही, मग ती दहा हजार असो की दहा लाख. देणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. गोची होते ती पुढे, त्या रकमेतून उत्पन्न यायला लागलं की. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ६४ सांगतं की योग्य मोबदला न घेता जोडीदाराला दिलेल्या मालमत्तेतून जे उत्पन्न येईल, ते देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवून त्यावर कर आकारायचा. यालाच सीए मंडळी आणि बँकवाले ‘क्लबिंग’ म्हणतात. रक्कम बायकोची झाली, व्याजही बायकोचंच. त्या व्याजावरचा कर मात्र नवऱ्याचा. बायको कमावती आणि नवरा घरी असेल तर नेमकं उलट. कायद्याला बायको-नवरा हा फरक कळत नाही, त्याला फक्त देणारा आणि घेणारा कळतो.

ही तरतूद आजची नाही. इंग्रजांच्या काळात, १९३७ साली ती कायद्यात आली, कारण उत्पन्न घरातल्या घरात वाटून वरच्या टप्प्यातून निसटायची युक्ती तेव्हाही सर्वांना ठाऊक होती. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ती आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ‘आकारणी वर्षा’चा घोळ जाऊन ‘कर वर्ष’ आलं, पण क्लबिंगचं तत्त्व तेच राहिलं. या लेखातले आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत, ज्याचं विवरणपत्र जुन्याच कायद्याने भरायचं आहे.

एक जोडपं घेऊ. तो पगारदार, पगार २७ लाख. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर सव्वाछब्बीस लाखांवर कर, म्हणजे नव्या पद्धतीतही तो २४ लाखांच्या वरच्या, तीस टक्क्यांच्या टप्प्यात. ती नोकरी करत नाही. १ एप्रिल २०२५ रोजी त्याने वीस लाख रुपये तिच्या खात्यावर पाठवले आणि तिने त्याच दिवशी वर्षाला सात टक्क्यांची ठेव केली. वर्षाचं व्याज १ लाख ४० हजार. बँकेने कर कापू नये म्हणून तिने फॉर्म १५-जी भरून दिला.

आता जुलैमध्ये विवरणपत्र भरायला बसल्यावर काय होतं ते पाहा. १ लाख ४० हजार त्याच्या उत्पन्नात जातात. तीस टक्क्यांनी ४२ हजार, त्यावर चार टक्के उपकर धरून ४३,६८० रुपये. कंपनीने पगारातून कर कापला होता तो फक्त पगाराचा. बायकोच्या ठेवीचं कंपनीला कोण सांगणार? त्यामुळे ही सगळी रक्कम अंगावर येते. दहा हजारांपेक्षा जास्त कर बाकी राहत असेल तर तो आगाऊ कर म्हणून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना हप्त्यांनी भरायला हवा होता. भरला नाही, म्हणून हप्ते चुकल्याचं कलम २३४-सीखालचं व्याज सुमारे २,२०० रुपये, आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचं कलम २३४-बीखालचं व्याज सुमारे १,७४४. दोन्ही मिळून ३,९४४. शून्य कर धरून चाललेल्या घरात एकूण साडेसत्तेचाळीस हजारांच्या वर बिल.

तिने मध्यंतरी स्वतःचं विवरणपत्र भरून हे व्याज आपलं म्हणून दाखवलं असेल आणि ‘कर शून्य’ असा शेराही मिळवला असेल, तरी त्याची सुटका होत नाही. कर कोणी भरायचा हे कायद्याने ठरवलंय. घरात कोणाच्या विवरणपत्रात ते उत्पन्न सोयीचं पडतं, यावर ते ठरत नाही.

त्या १५-जीचं काय, हेही सांगायला हवं, कारण बँकेच्या काउंटरवर तो फॉर्म न वाचता सही करून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याच्या घोषणेत एक वाक्य आहे: यात नमूद केलेलं उत्पन्न कलम ६० ते ६४ नुसार दुसऱ्या कोणाच्याही उत्पन्नात समाविष्ट होण्यासारखं नाही. म्हणजे नवऱ्याने दिलेल्या पैशांच्या ठेवीसाठी बायको १५-जीवर सही करते, तेव्हा ती नेमकी हीच गोष्ट नाकारत असते. फॉर्मवर खाली खोट्या निवेदनाबद्दल इशाराही छापलेला असतो. बँकेतला कर्मचारी हे सांगत नाही आणि त्याने सांगावं अशी अपेक्षाही नाही. त्याला पैसे कुठून आले हे माहीत नसतं. पण सही करणाऱ्याला माहीत असतं. नवऱ्याकडून आलेल्या रकमेच्या ठेवीसाठी १५-जी देऊच नये.

मग बँक कर कापणार. एका वर्षात एका बँकेतलं व्याज ५० हजारांच्या वर गेलं की (ज्येष्ठ नागरिकांसाठी एक लाखाच्या वर) दहा टक्के टीडीएस, म्हणजे इथे १४ हजार. तो जमा होतो तिच्या पॅनवर आणि कर भरायचा असतो त्याने. नियम ३७-बीए यावर तोडगा देतो: हे उत्पन्न माझ्या नवऱ्याच्या हाती करपात्र आहे, असं तिने बँकेला लेखी कळवलं तर टीडीएसची नोंद त्याच्या नावाने व्हायला हवी. शाखेत हा अर्ज घेऊन गेलात तर समोरचा माणूस बहुधा तुमच्याकडे बघत राहील. तरीही अर्जाची पोच घेऊन ठेवावी. शिवाय विवरणपत्राच्या टीडीएसच्या तक्त्यातही, कापलेला कर दुसऱ्या व्यक्तीशी संबंधित आहे असं सांगून तिचा पॅन देण्याची सोय असते. ती दोघांच्याही विवरणपत्रांत जुळली पाहिजे. त्याने श्रेय घेतलं आणि तिनेही त्याच १४ हजारांचा परतावा मागितला, तर नोटीस नक्की.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग बायकोला पैसे द्यायचेच कशाला? या प्रश्नाच्या उत्तरातच क्लबिंगचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

कायदा मागे लागतो तो दिलेल्या मालमत्तेच्या उत्पन्नाच्या. त्या उत्पन्नातून पुढे जे उत्पन्न येतं, ते तिचं. वीस लाखांचं १ लाख ४० हजार व्याज त्याच्या हिशेबात. पण तिने ते व्याज खर्च न करता पुन्हा ठेवलं, तर दुसऱ्या वर्षी त्यावर येणारे ९,८०० रुपये तिच्या हिशेबात. तिसऱ्या वर्षी तिच्या वाट्याची रक्कम २ लाख ८९ हजार ८०० होते आणि तिचं व्याज २०,२८६. मूळ वीस लाखांवरचे १ लाख ४० हजार दरवर्षी त्याच्याच खात्यावर मोजायचे, ते वाढत नाहीत. तिचा भाग मात्र चक्रवाढीने वाढतो. दर सात टक्के राहिला आणि तिने काही काढलं नाही, तर दहा वर्षांनी तिची स्वतःची म्हणता येईल अशी रक्कम साधारण १९ लाख ३४ हजार होते आणि अकराव्या वर्षी तिचं व्याज १ लाख ३५ हजारांवर जातं, त्याच्या वाट्याच्या १ लाख ४० हजारांना जवळजवळ गाठतं. मधल्या काळात तो दरवर्षी कर आपल्या खिशातून भरतो, पण ती जबाबदारी कायद्याने त्याचीच असल्याने तिच्या रकमेला त्याची झळ बसत नाही.

झटपट कर वाचवायला म्हणून हा मार्ग कुचकामी आहे, आणि बायकोच्या नावावर खरोखर तिचं असं काही उभं करायला तो अगदी योग्य आहे.

पण हे सगळं कागदावर दाखवता आलं तरच. बहुतेक घरांतला हिशेब इथेच फसतो. तिने चक्रवाढ ठेव घेतली, तर दुसऱ्या वर्षी बँक १ लाख ४९ हजार ८०० असा एकच आकडा देते. त्यातले किती त्याचे आणि किती तिचे, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. पाच वर्षांनी कोणाला आठवतही नाही. म्हणून अशा रकमेसाठी व्याज नियमित खात्यात देणारी ठेव घ्यावी. मूळ वीस लाखांची ठेव आणि तिचं व्याज जमा होणारं खातं एक. त्या व्याजातून केलेली ठेव वेगळी, पावती वेगळी. मार्चअखेर बँकेचं व्याज प्रमाणपत्र हाती आलं की विभागणी आपोआप समोर असते.

तिचे स्वतःचे पैसे याच खात्यात मिसळू नयेत, हेही तितकंच महत्त्वाचं. पगार, माहेरहून मिळालेली रक्कम, लग्नात मिळालेले पैसे, वारसाहक्काने आलेलं काही, हे सगळं तिचं आहे आणि त्यावर क्लबिंगचा प्रश्न येत नाही. वडिलांनी मुलीला दिलेले पाच लाख आणि नवऱ्याने दिलेले पाच लाख एकाच बचत खात्यात पडले आणि त्यातून सहा लाखांचे म्युच्युअल फंड घेतले, तर ते सहा कोणाचे? अधिकाऱ्याने विचारलं तर पुरावा द्यायची पाळी तुमची. नवऱ्याच्या रकमेसाठी एक वेगळं बचत खातं उघडायला अर्धा तास पुरतो. सोबत एक साधं पत्र ठेवावं: अमुक तारखेला, अमुक खात्यातून, अमुक रक्कम विनामोबदला दिली, दोघांच्या सह्या. रोख रकमेच्या भेटीसाठी नोंदणीकृत दस्तऐवज लागत नाही; बँकेचं हस्तांतर आणि हे पत्र एवढं पुरे.

संयुक्त ठेवीबद्दल एक गैरसमज तर पक्का रुजलेला आहे. पावतीवर पहिलं नाव ज्याचं त्याच्या पॅनवर बँक व्याज दाखवते, म्हणून लोक पहिलं नाव बायकोचं लावतात आणि काम फत्ते झालं असं समजतात. बँकेला कोणाच्या तरी पॅनवर व्याज दाखवावंच लागतं, ती पहिल्याचा घेते, एवढाच त्याचा अर्थ. पैसे ज्याचे, उत्पन्न त्याचं. नाव पुढे-मागे करून काही होत नाही.

म्युच्युअल फंड आणि शेअरमध्ये धक्का उशिरा बसतो, कारण तिथे दरवर्षी काही दिसत नाही. समजा तिने नवऱ्याने दिलेल्या दहा लाखांचे शेअर-आधारित फंडाचे युनिट घेतले आणि दोन-तीन वर्षांनी ते साडेतेरा लाखांना विकले. दीर्घ मुदतीचा नफा साडेतीन लाख. त्याच वर्षी त्याने स्वतःचे काही युनिट विकून एक लाख नफा कमावला. घरचा अंदाज असा: त्याचा एक लाख तर सव्वा लाखाच्या सवलतीतच बसतो, तिच्या साडेतीन लाखांतून सव्वा लाख गेले, उरलेले सव्वादोन लाख तिच्या चार लाखांच्या करमुक्त मर्यादेत मावतात. कर शून्य. प्रत्यक्षात तिचे साडेतीन लाख त्याच्या उत्पन्नात येतात, एकूण साडेचार लाख होतात, सव्वा लाखाची सवलत एकदाच मिळते आणि उरलेल्या सव्वातीन लाखांवर साडेबारा टक्के: ४०,६२५, उपकरासह ४२,२५०. विक्री ज्या वर्षी झाली त्याच वर्षी हे बिल येतं, म्हणून ती विकते तेव्हा त्याला कळवलं पाहिजे. तोटा झाला तर? तोही त्याच्याच हिशेबात जातो आणि त्याच्या नफ्यातून वजा होऊ शकतो. कायद्याने ‘उत्पन्न’ या शब्दात इथे तोटाही धरला आहे. हे कोणी सांगत नाही, आणि पडत्या बाजारात तेच कामाला येतं.

तिने त्या साडेतेरा लाखांतून दुसरं काही घेतलं तर त्यातले दहा मूळ भेटीचे आणि साडेतीन तिचे. पुढच्या उत्पन्नाची वाटणी त्याच प्रमाणात. गुंतवणुकीचं रूप बदललं म्हणून मागचा दोर तुटत नाही. पैसे दिले आणि तिने शेअर घेतले, म्हणजे दिलेली मालमत्ता पैसा होती, शेअर नव्हते, तेव्हा शेअरच्या उत्पन्नाशी देणाऱ्याचा संबंध नाही, असा युक्तिवाद पूर्वी झाला होता. मोहिनी थापर प्रकरणात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. म्हणून ‘मी तर नुसते पैसे दिले’ याला अर्थ नाही.

वळसा घालून दिलं तरी तेच. मद्रासच्या कोठारी कुटुंबात सासऱ्याने सुनेला आणि मुलाने आईला अशी देवाणघेवाण झाली होती. दोन वेगवेगळ्या भेटी आहेत असं दाखवलं गेलं, पण १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही एकाच व्यवहाराचे भाग धरले. ‘मी तुझ्या बायकोला देतो, तू माझ्या बायकोला दे’ असा भावाभावांतला करारही याच दृष्टीने पाहिला जाईल. आणि सासऱ्याने थेट सुनेला दिलं तर ते सासऱ्याच्या उत्पन्नात मिळवण्याची तरतूद कलम ६४ मध्ये स्वतंत्रपणे आहे. तिच्या स्वतःच्या वडिलांनी दिलं तर मात्र नाही.

घराचं थोडं निराळं आहे. नवऱ्याने आपला फ्लॅट बायकोच्या नावावर करून दिला तर कलम २७ नुसार कायदा त्यालाच मालक मानून भाड्यावर कर लावतो. त्याने पैसे दिले आणि तिने फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर भाडं क्लबिंगमधून त्याच्याकडे येतं. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. स्वतः राहत असाल तर उत्पन्नच नाही, म्हणून कराचाही प्रश्न नाही. तो येईल विकताना.

उसने दिले असं दाखवायचा सल्लाही हमखास मिळतो. खरं कर्ज असेल तर ती भेट नाही, आणि मग क्लबिंग नाही, हे बरोबर. पण खरं कर्ज म्हणजे लेखी करार, बाजाराच्या आसपासचं व्याज आणि ते व्याज खरोखर दरवर्षी तिच्या खात्यातून त्याच्या खात्यात. आता वीस लाख सात टक्क्यांनी दिले आणि तिने सात टक्क्यांची ठेव केली, तर तिने मिळवलेले १ लाख ४० हजार व्याज म्हणून त्याला परत दिले आणि त्याला ते करपात्र. हाती काय लागलं? करार टंकण्याचे पैसे. कर्जाला अर्थ येतो तो तिची कमाई व्याजापेक्षा बरीच जास्त असेल तेव्हाच, आणि तेव्हा जोखीमही तिची. बिनव्याजी उसनवारीवर तर विसंबूच नये. वाद ओढवून घेण्याचा तो राजमार्ग आहे.

मग कर न वाढवता काही करता येतं का? येतं, आणि त्याला कुठलीही युक्ती लागत नाही. दोघंही कमावती असतील आणि एकाचा टप्पा वरचा असेल, तर घरखर्च वरच्या टप्प्यातल्याच्या पगारातून चालवावा: किराणा, मुलांच्या फिया, वीज, गाडीचं पेट्रोल, सहल. खालच्या टप्प्यातल्याचा पगार जसाच्या तसा गुंतवणुकीत जावा. कारण खर्चासाठी दिलेल्या पैशातून उत्पन्न येत नाही, आणि तिच्या पगारातून झालेली गुंतवणूक तिचीच. बऱ्याच घरांत नेमकं उलट चालतं: तिच्या पगारात महिना भागतो आणि त्याच्या पगारातून एसआयपी जाते. अदलाबदल केली की वर्षानुवर्षं उत्पन्न आपोआप खालच्या टप्प्यात जमा होऊ लागतं आणि भेटीचा प्रश्नच उरत नाही. फक्त हे पहिल्या पगारापासून करायचं. आधी जमलेल्या रकमेला ते लागू होत नाही.

घरखर्चाला दिलेल्या पैशांतून बायकोने काटकसरीने मागे टाकलेल्या रकमेचा विषयही इथेच येतो. हातखर्चाला दिलेल्या लहान रकमांतून साठवलेले पैसे तिचे, असं नागपूर उच्च न्यायालयाने १९५६ साली एका प्रकरणात धरलं होतं. डब्यातल्या पैशांना तो आधार आहे. दरमहा लाखभर रुपये ‘घरखर्च’ म्हणून पाठवून त्यातले ऐंशी हजार फंडात टाकले तर कोणीही त्याला काटकसर म्हणणार नाही.

भेटच द्यायची असेल तर तिच्या पीपीएफ खात्यात द्यावी. वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, सध्याचा दर ७.१ टक्के, आणि व्याज पूर्ण करमुक्त. करमुक्त उत्पन्न त्याच्या हिशेबात मिळवलं तरी करमुक्तच राहतं, त्यामुळे क्लबिंगचा उपद्रव होत नाही. दीड लाखाची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असल्याने दोघांच्या खात्यांत मिळून तीन लाख जाऊ शकतात.

लग्नाआधी दिलेल्या रकमेचं काय? नातं पैसे देताना आणि उत्पन्न येताना, दोन्ही वेळा असावं लागतं. १९६३ साली एका प्रकरणात वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीला लग्नाआधी दिलेल्या शेअरचं उत्पन्न लग्नानंतरही नवऱ्याच्या हिशेबात धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पण लग्नाआधी ती कायद्याच्या दृष्टीने नातेवाईक नसते, त्यामुळे आता पन्नास हजारांवरची भेट तिच्याच हाती करपात्र ठरू शकते. एका बाजूला वाचवलं तर दुसऱ्या बाजूला गेलं. घटस्फोट झाला किंवा देणाऱ्याचं निधन झालं की त्या दिवसानंतरच्या उत्पन्नाला क्लबिंग लागू होत नाही.

गोव्यातल्या वाचकांची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या सामाईक संपत्तीच्या पद्धतीत मोडणाऱ्या जोडप्यांचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न कलम ५-ए नुसार दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. त्यांनी आपल्या विवरणपत्रातली ५-एची अनुसूची भरावी. वरचा हिशेब महाराष्ट्रातल्या जोडप्याचा आहे.

विवरणपत्रात हे दाखवायचं कुठे? आयटीआर-२ आणि ३ मध्ये एसपीआय नावाची अनुसूची असते. त्यात जोडीदाराचं नाव, पॅन किंवा आधार, नातं, रक्कम आणि ते उत्पन्न कोणत्या शीर्षात घेतलं हे लिहायचं. व्याज असेल तर ‘इतर स्रोत’, नफा असेल तर ‘भांडवली नफा’, आणि ती रक्कम त्या त्या शीर्षाच्या तक्त्यातही आलेली असावी. त्याआधी प्राप्तिकर पोर्टलवर तिचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडून पाहावं. बँकेने कळवलेलं व्याज तिथे तिच्या नावावर दिसतं. त्या नोंदीवर अभिप्राय देताना ‘ही माहिती दुसऱ्या पॅनशी किंवा वर्षाशी संबंधित आहे’ असा पर्याय मिळतो. तो निवडून त्याचा पॅन आणि रक्कम नोंदवावी, म्हणजे तिच्याकडे न दाखवलेलं उत्पन्न म्हणून विचारणा होत नाही.

वर्षाच्या सुरुवातीलाच रक्कम माहीत असेल तर कंपनीच्या लेखा विभागाला हे इतर उत्पन्न कळवता येतं. मग कर पगारातून थोडा थोडा कापला जातो आणि हप्ते चुकण्याचं व्याज लागत नाही. मागची एक-दोन वर्षं हे राहून गेलं असेल तर नोटिशीची वाट पाहू नये. अद्ययावत विवरणपत्र भरता येतं, आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत. पहिल्या बारा महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजाच्या २५ टक्के जादा, दुसऱ्या बारा महिन्यांत ५०, मग ६० आणि शेवटी ७० टक्के. विभागाने आधी गाठलं तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या निम्मा दंड, आणि माहिती मुद्दाम चुकीची दिली असं ठरलं तर दुप्पट.